खुलासा: ‘पात्र’ म्हणजे मंजूर नव्हे

समज असा: “पात्रता तपासणाऱ्या चॅटबॉटनं ‘पात्र’ दाखवलं की पीएम-किसानचे पैसे पक्के, अर्ज करायची गरज नाही.”

तसं नाही. चॅटबॉट एकामागून एक प्रश्न विचारतो: जमीन तुमच्या नावावर आहे का, कधीपासून, घरात कोणी आयकर भरतं का. निकाल फक्त तुमच्या उत्तरांवर लागतो. सातबारा तो उघडून पाहत नाही.

वणीकडच्या एका भावानं जमिनीला ‘होय’ म्हटलं. वावर वडिलांचं, ते वारले, फेरफार बाकी (आपल्याकडे हे नेहमीचंच). बॉट म्हणाला, ‘प्राथमिकदृष्ट्या पात्र’. पडताळणीत मात्र असा अर्ज अडतो. आधी तलाठ्याकडे वारस नोंद करा, मग अर्ज आणि ई-केवायसी. 1 फेब्रुवारी 2019 नंतर विकत घेतलेली जमीन चालत नाही, वारसाहक्काची चालते. म्हणून ‘कधीपासून’ला खरं उत्तर द्या.