रिफंड ‘झाला’ म्हणतात, मग पैसे आहेत कुठे?

नील्या कट्ट्यावर आला तोच तणतणत. परत केलेल्या हेडफोनचे पैसे ५ फेब्रुवारीला परत केले, असा दुकानाचा मेसेज त्याच्याकडे होता. १७ तारीख उजाडली तरी कार्डावर छदाम जमा नव्हता. खरेदी करताना थोडे पैसे त्याने दुकानाच्याच वॉलेटमधून भरले होते, उरलेले क्रेडिट कार्डवरून. वॉलेटचा वाटा ५ तारखेलाच परत आला होता.

“म्हणजे बँकच पैसे दाबून बसलीय,” नील्या म्हणाला. “दुकानाने दोन्ही एकाच वेळी सोडले ना?”

“दुकानाने सोडले म्हणजे काय केलं, ते आधी बघ,” मंदार म्हणाला. तो पेमेंटच्या हिशेबाचं काम करतो, त्यामुळे या विषयावर त्याचा शब्द आम्ही मानतो. “वॉलेट दुकानाचंच आहे. पैसे त्यांच्या घरातून बाहेर गेलेच नाहीत, फक्त त्यांच्या वहीत तुझ्या नावापुढचा आकडा बदलला. त्याला क्षणभर पुरतो. कार्डाचे पैसे मात्र दुकानाकडून दुकानाच्या बँकेकडे, तिथून कार्ड नेटवर्ककडे आणि मग तुझ्या बँकेकडे येतात. प्रत्येक जण दिवसभराचे व्यवहार गठ्ठ्याने पुढे पाठवतो. कामकाजाचे पाच ते दहा दिवस त्यात सहज जातात.”

“मग मी म्हणते तेच खरं,” शिल्पा म्हणाली. “सगळं वॉलेटमध्येच घ्यावं. नाहीतर सरळ खात्यात. माझे खात्यात दोन दिवसांत आले होते.”

खात्यात थेट आलेले पैसे लवकर येतात, हे मंदारलाही मान्य. फक्त खाते क्रमांक चुकला किंवा खातं बंद असलं, तर रक्कम फिरून दुकानाकडे जाते आणि तिकडे कुणी लक्ष देईपर्यंत तशीच पडून राहते. डेबिट कार्डने भरले असतील तर मात्र ते खात्याशी जोडलेलं आहे म्हणून पैसे लवकर येतील, असं धरू नये. तो परतावा बहुतेक वेळा कार्डाच्याच वाटेने येतो, म्हणून वेळही कार्डाइतकाच लागतो.

वॉलेटवर मात्र त्यांची चांगलीच जुंपली. मंदारचं म्हणणं, दुकानाच्या वॉलेटात घेतलेले पैसे बरेचदा त्याच दुकानात खर्चावे लागतात, खात्यात काढता येत नाहीत. शिवाय ते एकदा स्वीकारले की कार्डाच्या बँकेकडे तक्रार करायला फारसं काही उरत नाही. शिल्पाला वाटत होतं, हातात आलेले बरे. मला मंदारचं पटतं. मोठी रक्कम असेल तर चार दिवस थांबावं, पण पैसे जिथून गेले तिथेच परत घ्यावेत.

“पण थांबायचं किती? दुकान रोज ‘वाट पाहा’ म्हणतंय,” नील्या म्हणाला.

“त्यांच्याकडे एआरएन माग. दुकानाच्या बँकेने परतावा कार्ड नेटवर्ककडे पाठवला की त्या व्यवहाराला हा २३ आकडी क्रमांक असतो. तुझी बँक त्यावरून व्यवहार शोधते.”

नील्याने तिथेच चॅट उघडलं. आधी आला तो दुकानाचा अंतर्गत नंबर, अक्षरं आणि आकडे मिसळलेला. मंदारने बघताक्षणी नाही म्हटलं. पुन्हा मागितल्यावर पूर्ण २३ आकडे आले. मंदारने बोट ठेवलं आठव्या ते अकराव्या आकड्यावर: ६०४५.

“यातला पहिला ६ म्हणजे २०२६ चा शेवटचा अंक. पुढचा ०४५ म्हणजे वर्षाचा पंचेचाळिसावा दिवस. जानेवारीचे एकतीस गेले, उरले चौदा. १४ फेब्रुवारी.”

नील्या मेसेजची तारीख पुन्हा पाहू लागला. म्हणजे ५ तारखेला दुकानाने त्यांच्या सिस्टीममध्ये नोंद केली, पण परतावा बाहेर पडला नऊ दिवसांनी. निघून त्याला जेमतेम तीन दिवस झाले होते. या वेळी बँकेशी भांडून उपयोग नव्हता. जाब विचारायचा तो दुकानाला, त्या नऊ दिवसांचा.

“आणि नंबर दिलाच नसता तर?” शिल्पाने विचारलं.

“तर बहुधा परतावा अजून निघालेलाच नाही, असं धरायचं. मग परताव्याचं आश्वासन देणारा मेसेज आणि माल परत घेतल्याची पावती जोडून बँकेकडे चार्जबॅक मागायचा, म्हणजे दुकानाकडून पैसे बँकेनेच परत मिळवून द्यावेत अशी तक्रार करायची. त्याला मुदत असते, साधारण १२० दिवसांची धर, त्यामुळे ‘वाट पाहा’ ऐकत महिने घालवू नकोस.”

उठता उठता मंदारने नील्याला अडवलं. कार्डाचं बिल २० तारखेला भरायचं होतं आणि हेडफोनचे पैसे वजा करून भरावं, असं नील्याच्या डोक्यात होतं. “तसं करू नकोस. निघालेल्या बिलात परतावा धरलेला नसतो आणि तो २० तारखेच्या आत येईलच याचा भरवसा नाही. कमी भरलंस तर व्याज लागेल. पूर्ण भर, परतावा पुढच्या बिलात वजा दिसेल.”

नील्याने तिथेच उभ्या उभ्या पूर्ण बिल भरलं आणि एआरएन जपून ठेवला.