आलेखाची रेष आणि बँकेचा साहेब: नानांच्या प्रतिक्रियेला उत्तर

«कर्ज मागणी अर्जाचा नमुना वाचला. पत्र नीट आहे, पण सोबतचा उत्पन्नाचा आलेख म्हणजे निव्वळ शोभा. तीस वर्षं बँकेत काढली. साहेब सातबारा बघतो, आठ-अ बघतो, सिबिल बघतो. घरी काढलेल्या रेषेला कोण विचारतो? चांगला पाऊस झाला की रेष वर जाते, तुम्ही ते श्रेय ठिबकला देऊन मोकळे. वर २०१७ आणि २०१८ ची पडझड ठळक दाखवून त्या शेतकऱ्याने स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतलाय. — नाना, धुळे»

नाना, नमस्कार.

तुमचं म्हणणं पीककर्जापुरतं सोळा आणे खरं आहे. तिथे शेतकऱ्याने किती पिकवलं याला अर्थच नाही. जिल्ह्याच्या तांत्रिक समितीने कपाशीला एकरी जो दर ठरवला असेल त्याला क्षेत्राने गुणायचं, त्यावर काढणीनंतरच्या आणि घरखर्चाचे दहा टक्के, अवजारांच्या देखभालीचे वीस टक्के आणि विम्याचा हप्ता चढवायचा, की किसान क्रेडिट कार्डाची मर्यादा निघाली. एकरी चार क्विंटल काढणारा आणि दहा क्विंटल काढणारा, दोघांना रक्कम तीच. तिथे आलेख लावणं म्हणजे खरंच कागद वाया घालवणं.

पण हा अर्ज पीककर्जाचा नाही, ठिबकसाठी मुदत कर्जाचा आहे. मुदत कर्जात साहेबाला एकच गोष्ट स्वतःच्या मनाशी ठरवावी लागते: ही नळी शेतात पसरल्यावर जास्तीचं जे काही येईल, त्यातून हप्ता सुटेल का? त्याचं उत्तर सातबाऱ्यावर नसतं. सातबारा जमीन कोणाची ते सांगतो, पीकपेरा काय पेरलं ते सांगतो. किती निघालं ते दोन्हीकडे नाही. सिबिल मागचं कर्ज फेडलं का ते सांगतं, पुढचं कशातून फेडणार ते नाही.

आता पावसाचा मुद्दा. रेष एक असती तर मी तुमच्याच बाजूने बोललो असतो. या आलेखात दोन रेषा आहेत, आणि सगळा जीव त्या दोनपणात आहे. अर्जदार अमळनेर तालुक्यातला. त्याच्याकडे सहा एकर कपाशी, एकाच विहिरीवर. दोन एकरांच्या तुकड्यावर २०२० च्या मे महिन्यात त्याने पदरच्या पैशाने ठिबक टाकलं. उरलेले चार एकर आजही पाटपाण्यावर आहेत. आलेखात दोन्ही तुकड्यांचं एकरी उत्पन्न वेगवेगळं काढलंय.

पहिली चार वर्षं बघा. २०१६ ला दोन्हीकडे आठ क्विंटल. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने दोन्हीकडे पाच. २०१८ च्या दुष्काळात चार आणि साडेचार. २०१९ ला ऑक्टोबरच्या पावसाने वेचणीला आलेला कापूस झाडावरच भिजला, दोन्हीकडे सहा. म्हणजे रेषा जवळजवळ एकमेकींवर चढलेल्या. जमीन सारखी, पाऊस सारखा, करणारा हात सारखा, हे त्या चार वर्षांनीच सिद्ध केलं. मग २०२० पासून फाटा फुटतो: ठिबकवर आठ, पाटावर सहा, पुढच्या वर्षी नऊ आणि सात, २०२२ ला साडेआठ आणि सहा, २०२३ ला ऑगस्ट कोरडा गेला तेव्हा सात आणि चार. पाऊस दोन्ही तुकड्यांवर तोच पडला. रेषा वर गेली की खाली, ते पावसाचं. दोन रेषांमधली फट मात्र पावसाची नाही.

म्हणूनच ती पडझडीची वर्षं पुसून चालत नाहीत. २०१७ आणि २०१८ काढून टाकली तर ‘आधी दोन्ही तुकडे सारखेच पिकत होते’ हे दाखवायला उरतं काय? शिवाय त्या दोन वर्षांत खानदेशात कपाशीचं काय झालं ते साहेबालाही ठाऊक असतं, त्याच्याच शाखेतली खाती थकली होती. त्या सालांत ज्याची रेष सरळ वर जाते त्याच्या बाकीच्या कागदांवरचाही विश्वास उडतो. तुम्ही म्हणता तो धोंडा पायावर पडतो तो असा.

आणखी एक गोष्ट जाणूनबुजून केलीय. रेष क्विंटलची आहे, रुपयांची नाही. २०२१ च्या हंगामात कापूस दहा हजारांच्या वर गेला. रुपयांत काढली असती तर त्या वर्षी रेष आभाळाला भिडली असती आणि ठिबकची करामत म्हणून खपलीही असती. ते भावाचं तेज होतं, नळीचं नाही.

‘घरी काढलेली रेष’ हा तुमचा आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. खेडा खरेदीत व्यापारी दारात काटा लावतो, रोख मोजतो आणि जातो. पुष्कळदा चिठ्ठीसुद्धा देत नाही. म्हणून अर्जदाराने आलेखाखाली कोणता आकडा कशावरून आला ते लिहिलंय. शेवटच्या पाच वर्षांना जिनिंगच्या काटापट्ट्या जोडल्यात. त्याआधीच्या वर्षांचे आकडे वेचणीच्या मजुरीच्या वहीवरून घेतलेत, आणि ते ठिपके भरीव न काढता पोकळ ठेवलेत. वेचणी किलोवर असते, बाई रोजची तोलून देते आणि आपल्या पैशासाठी आकडा बरोबर ठेवते. त्या वहीत फुगवाफुगवी करायला कोणाला फायदा नसतो. तुकडानिहाय हिशेबही त्याच वहीतून निघतो, कारण काटापट्टीवर दोन्ही तुकड्यांचा माल एकत्रच असतो. फरदडीचा कापूस दोन्हीकडे वगळलाय. ठिबकवाला पाणी असलं की झाड फेब्रुवारीपर्यंत उभं ठेवतो आणि दीड-दोन क्विंटल जास्त वेचतो. ते धरलं की फट फुगते आणि पुढच्या सालच्या बोंडअळीला घर मिळतं ते वेगळंच.

पडताळणीसाठी साहेब तालुका कृषी कार्यालयातला सरासरीचा आकडा मागवेल, आणि इथे एक खड्डा आहे ज्यात मी भले भले पडताना पाहिलेत. कापसाची सरकारी उत्पादकता सहसा रुईची असते, हेक्टरी किलोत. शेतकरी बोलतो सरकीसकट कापसाचं, एकरी क्विंटलमध्ये. एकरी सहा क्विंटल म्हणजे हेक्टरी साधारण पंधराशे किलो कापूस. त्याची रुई साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे पाचशेच्या आसपास. हे न सांगता पंधराशेचा आकडा सरकारी तक्त्याशेजारी ठेवला की शेतकरी तिप्पट खोटं बोलतोय असं दिसतं. म्हणून पत्रात एक ओळ फक्त यासाठी खर्ची घातलीय.

पत्राचा गाभा पुन्हा देतो, कारण तुमचं लक्ष आलेखातच अडकलेलं दिसतं:

«महोदय, सोबतच्या आलेखात २०१६ ते २०२३ या आठ हंगामांचे एकरी उत्पन्न दाखवले आहे. ठिबकचा तुकडा व पाटपाण्याचा तुकडा यांतील फरक चार वर्षांत दोन क्विंटलांच्या खाली आलेला नाही. माझा हिशेब याच सर्वांत कमी फरकावर आहे. आणखी दोन एकरांवर ठिबक केल्यास किमान चार क्विंटल कापूस वाढेल. भाव ६,५०० रुपये धरला असता २६,००० रुपये होतात. त्यातून वेचणीचे ४,००० व विद्राव्य खते-दुरुस्तीचे ४,००० वजा जाता १८,००० रुपये उरतात. कोटेशन ८०,००० रुपयांचे असून २०,००० मी स्वतः भरतो. उर्वरित ६०,००० रुपये पाच वर्षांसाठी मिळावेत व हप्ता वार्षिक, फेब्रुवारीत ठेवावा, ही विनंती.»

अकरा टक्क्यांनी साठ हजारांचा पाच वर्षांचा वार्षिक हप्ता सव्वासोळा हजारांच्या जवळ येतो. म्हणजे जेमतेम पावणेदोन हजार हातात. सरासरी फरक धरला असता तर चित्र बरंच गुबगुबीत दिसलं असतं, आणि पहिल्याच वाईट साली हप्ता चुकला असता. भावही २०२३-२४ च्या मध्यम धाग्याच्या हमीभावापेक्षा, म्हणजे ६,६२० पेक्षा, खाली धरलाय, कारण दारातल्या काट्यावर हमीभाव मिळेलच याची हमी नसते. अनुदानाचा रुपयाही धरलेला नाही. ते आलं की कर्जखात्यात जाईल. हप्ता फेब्रुवारीत, कारण तोवर वेचणी आटोपून माल विकलेला असतो. दर महिन्याचा हप्ता ठेवला तर जून-जुलैत तो सावकाराकडूनच येणार.

आता तुम्ही न विचारलेला, पण साहेबाने हमखास विचारायला हवा असा प्रश्न. चार एकर पाटावर आहेत तर ठिबक दोनच एकरांवर का? आलेख तर चारांच्या बाजूने बोलतो. उत्तर विहिरीत आहे, आलेखात नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात त्याची मोटर दिवसाला दोनच तास चालायची, तासाला वीस हजार लिटर धरा, म्हणजे दिवसाचं चाळीस हजार. बोंडं भरताना ठिबकवरच्या कपाशीला एकरी बारा-पंधरा हजार लिटर तरी हवं. दोन एकर ठिबक असताना एवढ्या पाण्यात ती न्हाऊन निघायची, म्हणून त्या साली तीन क्विंटलांची फट दिसली. चार एकर ठिबकवर गेले की वाट्याला एकरी दहा हजार येतं. झाडाला थोडी ओढ बसेल, पण निभेल. सहाच्या सहा एकर केले तर सात हजारही येत नाही, आणि ती तीनची फट तशा साली हवेत विरेल. उरलेल्या दोन एकरांना मग कोरड्या साली पाणीच नाही हेही खरं, पण २०२३ ला पाटाने त्यांना तशाही दोनच पाळ्या मिळाल्या होत्या.

बोंडअळीच्या सालाबद्दल मात्र आलेख काहीच सांगू शकत नाही. ठिबक टाकल्यापासून २०१७ सारखी अळी आलीच नाही, त्यामुळे तशा साली फट टिकेल का हे या रेषांत दिसत नाही. त्या साली हप्ता सहाही एकरांच्या मालातून जाईल, असं अर्जदाराने पत्राच्या शेवटी लिहून दिलंय. हे वाक्य काढून टाक, असं त्याला दोघा-तिघांनी सुचवलं होतं. मी ठेवायला सांगितलं. नाना, तुम्ही त्या खुर्चीत असता तर हे वाक्य वाचून फाइल पुढे सरकवली असती की बाजूला ठेवली असती, तेवढं जरूर कळवा.