ट्रीमध्ये डुप्लिकेट येणारच नाहीत, तुम्ही निवांत झोपा

गेल्या आठवड्यात दोन रात्री मी एका आकड्यापायी घालवल्या. 25. सगळी लिस्ट छापली की 25 तीनदा दिसायचा, आणि ट्रीला विचारलं की बाबा रे 25 किती आहेत तुझ्यात, तर म्हणायचा एक. कोड माझा नव्हता, वारशात मिळालेला होता, ज्यांनी लिहिला ते दुसऱ्या टीममध्ये सुखात आहेत. तर त्या दोन रात्रींत जे ज्ञान झालं ते एकट्याने पचवणं जड जातंय, म्हणून सर्च ट्री लिहायला बसलेल्या होतकरू मंडळींसाठी हे सल्ले.

सुरुवात कॉमेंटने करा. फाइलच्या डोक्यावर लिहा `// duplicates येणार नाहीत`. मग त्यात मार्क भरा, वय भरा, रिस्पॉन्स टाइम भरा, काहीही भरा, सारखे आकडे कॉमेंट वाचून लाजतात आणि दारातूनच परत फिरतात.

फिरले नाहीतच, तर ठरवून टाका की सारखा आकडा कायम उजवीकडे जाणार. आता हा नियम वाईट नाहीये हां, एकच बाजू धरली आणि शेवटपर्यंत पाळली तर चालतो. तुम्ही फक्त पुढचा विचार करू नका. तोच आकडा हजार वेळा आला की उजवीकडे लटकणारी हजार नोडची माळ तयार होते, हजारावा नोड बिचारा आधीच्या 999 जणांना एकेक करून भेटतो तेव्हा कुठे त्याला जागा मिळते. याला ट्री म्हणत राहा, म्हणायला कुठे पैसे पडतात.

मग कोणीतरी येऊन सांगेल की बॅलन्स कर. करा की! एव्हीएल लावा, रोटेशन लावा, आणि सर्चला हात लावू नका. 5, 5, 5 असे तीन टाका. तिसरा आल्यावर झाड उजवीकडे कलतं, रोटेशन होतं, मधला 5 वर चढतो आणि पहिला 5 त्याच्या डावीकडे जाऊन बसतो. तुमचा सर्च "सारखे फक्त उजवीकडे असतात" याच श्रद्धेवर उभा, तो वरचा 5 मोजतो, उजवीकडचा मोजतो, आणि दोन म्हणून घरी जातो. रोटेशनला तुमचा नियम माहीतच नसतो, त्याला एवढंच कळतं की डावीकडे मोठा नको आणि उजवीकडे लहान नको. म्हणजे रोटेशन आलं की सगळे सारखे गोळा करताना दोन्हीकडे बघावं लागतं, पण ते लिहायला चार ओळी जास्त लागतात, जाऊ दे.

उजवीकडचा नियम असेल तर दोन मुलं असलेला नोड उडवताना त्याच्या जागी डावीकडचा सगळ्यात मोठा आकडा आणून बसवा, त्याचं जुळं भावंड डावीकडेच राहील आणि नियमाचे बारा वाजतील, पण बघतंय कोण.

आता खरा सल्ला. हे सगळं नको असेल तर नोडमध्ये `count` ठेवा. आकडा परत आला की काउंट एकने वाढवायचा, नवा नोड नाही, रोटेशन नाही, माळ नाही. एक उडवायचा असेल तर काउंट एकने कमी, आणि काउंट एकच उरला असेल तरच नोड काढायचा. इतकं साधं आहे की डिलीट लिहिताना डोकं वापरायची गरजच नाही, पुस्तकातला जुना कोड उचला आणि चिकटवा:

```
root->key = s->key;
root->right = erase(root->right, s->key);
```

`s` म्हणजे सक्सेसर, उजव्या भागातला सगळ्यात लहान. बघा किती सुटसुटीत. आता माझं झाड घ्या. रूट 20, डावीकडे 10, उजवीकडे 30, आणि 30 च्या डावीकडे 25, ज्याचा काउंट 3. बाकी सगळ्यांचा 1. उडवा 20. पहिल्या ओळीत रूटवर 25 आला, काउंट मात्र 20 चाच राहिला, 1. दुसऱ्या ओळीत उजवीकडे जाऊन "25 काढ" म्हटलं, पण त्याचा काउंट 3 आहे ना, मग नोड कशाला जातोय, काउंट 2 झाला आणि नोड तिथेच ठाण मांडून. आता झाडात 25 चे दोन नोड, वर 1 आणि खाली 2. बेरीज तीन! इनऑर्डर छापलं तर 10, 25, 25, 25, 30, एकदम बरोबर! एकूण संख्या बरोबर, क्रम बरोबर, सगळ्या टेस्ट हिरव्यागार, आणि सर्च रूटवरच 25 बघून खुशाल 1 सांगतो कारण खाली अजून एक असेल अशी शंका यायचं त्याला काही कारणच नाही. दोन रात्री मी इन्सर्ट तपासत होतो. इन्सर्ट! कारण सगळे म्हणत होते डिलीट टेस्टेड आहे.

आणि मग एका सद्गृहस्थाने यावर "फिक्स" पाठवला, सक्सेसरचा काउंटही रूटवर कॉपी केला. म्हणजे आता वर 3, खाली 2, एकूण पाच. तीनाचे पाच झाले! निदान हा बग दिसतो तरी, पहिल्यापेक्षा बरा म्हणायचा.

काउंटवाल्या झाडात कितवा नंबर काढायचा असेल तर सबट्रीचा साइज मोजताना नोडमागे 1 च धरा, `count` धरू नका, निकाल रंजक येतात.

आणि प्रत्येक आकड्यामागे वेगळा माणूस, वेगळी वेळ असेल तरी काउंटच ठेवा, 85 मार्कवाले तिघे म्हणजे एकच पोरगं तीनदा.

पुरे. अहो, काय चाललंय काय? चार ओळींचं काम आहे हे:

```
root->key = s->key;
root->count = s->count;
s->count = 1;
root->right = erase(root->right, s->key);
```

तिसरी ओळ नसेल तर खालचा नोड मरत नाही, बस, एवढंच कळायला हवं होतं. तिघा जणांनी हा कोड रिव्ह्यू केला आणि तिघांनीही काउंट 1 च्या पुढे असलेला सक्सेसर घेऊन एकदाही डिलीट चालवून बघितलं नाही, सगळ्या टेस्टमध्ये आकडे वेगवेगळे, 1 2 3 4 5, मग काउंट ठेवला कशाला, शोभेला? इनऑर्डर छापताना काउंट उलगडून छापू नका रे, नोडमागे एकच ओळ छापा, आकडा आणि त्याचा काउंट. शेजारच्या दोन ओळींत तोच आकडा दिसला की झाड मोडलंय, शोधायला दोन मिनिटं लागत नाहीत. आणि माणसं वेगळी असतील तर आकड्यासोबत अनुक्रमांक जोडा, मार्क सारखे तर अनुक्रमांकावर तुलना, मग डुप्लिकेट हा प्रकारच उरत नाही आणि वरची ती कॉमेंटही एकदाची खरी ठरते. तोवर ती काढा आधी. मी काढली होती, काल कोणीतरी परत टाकलीय.