अर्धा मेसेज आणि चालत्या ट्रेनमधला मी

आमच्या ताईला कितीदा सांगितलं की लांबलचक एसएमएस पाठवू नको, पण नाहीच! परवा ट्रेनमध्ये मेसेज आला, ‘बाबांना चक्कर आली, दवाखान्यात आणलंय, डॉक्टर तपासतायत, पण तू लगेच ये’, बास, पुढे काहीच नाही, आणि फोन लावतोय तर रेंज गायब. बॅग काढून दारात जाऊन उभा राहिलो, हात थरथरत होते, शेजारचे काका विचारतायत काय झालं, काय सांगणार त्यांना? पुढच्या स्टेशनला उतरून परत फिरलो, तेव्हा कुठे उरलेला तुकडा आला, ‘ण्याची गरज नाही’!!

अरे देवनागरीत एका एसएमएसमध्ये 70च अक्षरं बसतात, तीही काना-मात्रा-स्पेस वेगवेगळे धरून, त्याच्या वर गेलं की 67-67चे तुकडे पडतात आणि रेंज तुटली की मागचा तुकडा अडकतो, काही फोन तर पहिलाच तुकडा पूर्ण मेसेज असल्यासारखा दाखवतात. मग मुख्य गोष्ट आधी लिही ना बाई, ‘बाबा ठीक आहेत, येऊ नकोस’, चक्कर-डॉक्टर नंतर सांग! दरवेळी जीव टांगणीला लावते नुसती.