चार मोहऱ्या, एक इलिश आणि माझं डोकं

आमची साइट शोधात वर यावी म्हणून सल्ला देणाऱ्या सल्लागारसाहेबांची शीट सकाळी सकाळी परत आली. लाल शेरा: "कीवर्ड कमी आहेत, अजून घाला." अहो, किती घालू? माशाचं कालवण आहे ते, शब्दकोश नाही!

सासूबाई बंगालीत पाककृती लिहितात आणि मी त्या नेटवर चढवते. कोलकात्यात लग्न होऊन आलेल्या दादरच्या मुलीकडे हे काम का आलं, तो वेगळाच तमाशा. या वेळी पदार्थ आहे शोर्षे इलिश, म्हणजे मोहरीच्या वाटणातला इलिश मासा. लिहून झालंय, फोटो झालेत, आणि आठवडाभर आम्ही अडकलोय कुठे? तर मोहरीत.

बंगालीत स, श आणि ष या तिन्हींचा उच्चार बहुतेक वेळा 'श'च होतो. त्यामुळे कानाला विचारून काही उपयोग नाही. मोहरीला लोक সর্ষে लिहितात, সরষে लिहितात, শর্ষে लिहितात, आणि सीमेपलीकडे बांगलादेशात গিয়ে পড়লে সরিষা. (बघा, चिडले की असं मधेच घरचं बंगाली येतं.) आपण मराठीत ऱ्हस्व-दीर्घावरून भांडतो ना, तसंच. फक्त इथे अकादमीही दोन, एक कोलकात्याला आणि एक ढाक्याला. मां, म्हणजे सासूबाई, म्हणतात, "बौमा, आमच्या घरी সর্ষে लिहितात, बास." पण शोधणाऱ्याला आमच्या घरी काय लिहितात याच्याशी काय देणंघेणं?

हे निदान बंगाली लिपीत शोधणाऱ्यांचं. फोनवर रोमनमध्ये टाइप करणारी जनता वेगळीच. अक्षरात दडलेला 'अ' बंगालीत बरेचदा 'ओ'सारखा ऐकू येतो. मग कुणी उच्चार ऐकून o मारतो, कुणी लिपी बघून a. तसंच sh की s, तेही ज्याचं त्याने ठरवायचं. shorshe, sorshe, sorse, sarshe. पुढे ilish, elish, नाहीतर सरळ इंग्रजीतलं hilsa. चार गुणिले तीन, झाले बारा. त्यात माशाचं mach की maach, हे अजून धरलेलंच नाही!

आणि साहेबांचं म्हणणं, बाराही मजकुरात हवेत. मी एकदा घालून पाहिलं. पहिल्याच परिच्छेदात मोहरी तीन प्रकारांनी आणि इलिश दोन प्रकारांनी. मांनी वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "हे कुणी लिहिलंय? शाळेतून काढून टाकलेल्या पोराने?" मी काय सांगणार! सर्च इंजिनांनाही असली ठासून भरलेली शब्दांची खिचडी आवडत नाही, हे तर सल्लागाराला माझ्याआधी माहीत असायला हवं होतं.

पत्त्याची कथा तर ऐकाच. शीर्षक होतं সর্ষে ইলিশ বানানোর সহজ উপায়, म्हणजे 'बनवायचा सोपा उपाय'. आमच्या साइटच्या सॉफ्टवेअरने तेच वेब-पत्त्यात टाकलं. पत्त्यात प्रत्येक बंगाली अक्षर-चिन्हाचे % लावलेले नऊ कॅरेक्टर होतात, आणि आमच्याकडे मर्यादा २०० ची. पाच शब्दांचे, मधल्या जोडरेघा धरून, होतात २११. मग काय, शेवटच्या 'उपाय'चा कापून 'उप' झाला! त्यात ती लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली की टक्क्यांची मुंग्यांची रांग. पत्ता रोमनमध्ये हाताने shorshe-ilish असा दोन शब्दांत बसवला, तेव्हा कुठे माणसाने वाचावा असा झाला.

वर त्या शेवटच्या য়-ची चेष्टा. उपायातलं য় हे अक्षर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतं: एकच कोड, किंवा য आणि खालचा नुक्ता असे दोन. दिसायला तंतोतंत सारखं. माझ्या शीटमध्ये উপায় दोन ओळींत वेगवेगळा मोजला जात होता आणि मी तासभर डोळे फोडत बसले होते. शेवटी कोड मोजणारं LEN सूत्र लावून पाहिलं. एकीकडे ४, दुसरीकडे ५. दोन कीबोर्डांची करणी!

तर सल्लागारसाहेब, मी काय केलंय ते ऐका आणि पुन्हा शेरा मारू नका. शीर्षकात आणि मजकुरात सगळीकडे मांचं সর্ষে, एकच. सुरुवातीला एक सरळ वाक्य, की बांगलादेशात याला সরিষা ইলিশ म्हणतात. ते खरंही आहे आणि वाचकालाही खटकत नाही. रोमन फक्त पत्त्यात आणि फोटोच्या नावात. बाकीच्या दहा-अकरा स्पेलिंगचं ओझं सर्च इंजिनाने वाहावं, त्याचंच काम आहे ते. महिन्याने शोधांच्या अहवालात बघीन, कुठल्या स्पेलिंगला आपण दिसतोय आणि कुठल्याला अजिबात नाही. শর্ষে वाले खूप निघाले तर शीर्षक बदलायचं की नाही, ते मांशी भांडायला तेव्हा बसू.

आणि हो, sarshe hilsa recipe in bengali style असलं काहीतरी पोटमथळ्यात टाका म्हणालात ना? ते मांना तुम्हीच फोन करून सांगा.