ढोलवाल्याची हुकमी संहिता

विसर्जन मिरवणुकीवर लघुपट लिहायला घेतलाय ना? मग ढोलवाल्या पोराचा शेजारी पुण्यातल्या पेठेतलाच घ्या. निवृत्त, खडूस आणि विधुर. बायको असली की ती दुसऱ्याच रात्री "अहो, लहान आहे तो, झोपा आता" म्हणते आणि तुमची गोष्ट तिथंच आटोपते.

ढोलवाल्याला गच्चीवर चढवा आणि साडेअकराला खरा ढोल बडवायला लावा. रात्री 10 नंतर वाद्यांना बंदी असते, सरकार उत्सवातल्या मोजक्या दिवशी 12 पर्यंत सवलत देतं, पण ती काही सरावासाठी नसते, हे प्रेक्षकाला कुठं आठवतंय! खरा पोरगा पथकाचा सराव संपवून नदीपात्रातून घरी येतो आणि जुना टायर पुढ्यात घेऊन बसतो. उजव्या हातात टिपरू, डाव्या हाताची थाप मांडीवर. हे चुकूनही दाखवू नका. टायर बघून कोण रडणार?

आता शेजाऱ्याचं ऐकणं. इथं तर फारच जपा. भिंतीपलीकडे पडून चडफडणारा माणूस नाइलाजानं मोजायला लागतो. थाप त्याला ऐकू येत नाही, येतात ते फक्त टिपरूचे ठोके. दर चौथ्या आवर्तनाला पुढचा ठोका जरा लवकर पडतो, हे त्याला आठवड्याभरात कळतं. का पडतो? डावा हात दमतो, थाप सुटते आणि ती रिकामी जागा झाकायला उजवा हात घाई करतो. पथकात लय ताशाकडे असते. पण गलका वाढला की मागच्या रांगा ताशापेक्षा पुढच्या ढोलाचंच ऐकतात. पुढचा एक पळाला की रांगच्या रांग पळते, आणि ताशेवाल्याला काड्या वर करून सगळ्यांना थांबवावं लागतं.

म्हणजे खरी गोष्ट अशी की, म्हातारा एका रात्री दार वाजवतो. पोरगा टिपरू पाठीमागे लपवत म्हणतो, "सॉरी काका, बंद करतो."

"बंद नको करूस. चौथ्याला पळतोस तू. डावा हात खातोस."

"तुम्ही पथकात होता का, काका?"

"छे! जागा होतो. निम्म्या वेगानं वाजव, मी मोजतो. आणि तो टायर आधी माझ्या भिंतीपासून लांब घे."

हा प्रसंग कापाच. यात ना पाऊस, ना बासरी. त्यापेक्षा म्हाताऱ्याच्या भिंतीवर मुलाचा हार घातलेला फोटो टांगा, फोटोखाली धूळ खात पडलेला ताशा ठेवा, आणि अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्त्यावर म्हाताऱ्याला स्लो मोशनमध्ये डोळे पुसू द्या. नाहीतर स्पर्धेत परीक्षक हमखास विचारतील, "सगळं छान आहे हो, पण काकांचा मुलगा नेमका कधी गेला?"