एक पद काढायचं असेल तर r म्हणजे नेमकं काय?

*"द्विपद विस्तारातलं एक पद काढायला मोठं सूत्र लिहीत बसू नका. जितवं पद विचारलंय तितकाच r घ्या. x चा अमुक घात विचारला असेल तर तोच r, आणि उत्तर सरळ nCr. कंसात वजा असेल तर सम क्रमांकाच्या पदाला वजा लावा. सगळ्यात मोठा सहगुणक नेहमी मधल्या पदाचा. शंका आलीच तर पास्कलचा त्रिकोण मांडून सगळा विस्तार लिहा."*

हा मेसेज अकरावी-बारावीच्या मुलांमध्ये दरवर्षी फिरतो. त्यातली काही वाक्यं एका ठराविक प्रकारच्या उदाहरणात खरी ठरतात, म्हणूनच तो टिकून आहे. तो कुठे मोडतो हे एकाच उदाहरणावर बघू:

`(2x² − 3/x)^9`

आधी r चा अर्थ. नववा घात म्हणजे हाच कंस नऊ वेळा शेजारी शेजारी लिहून केलेला गुणाकार. प्रत्येक कंसातून एकच गोष्ट उचलायची, 2x² किंवा −3/x. नऊपैकी ज्या कंसांतून दुसरी गोष्ट उचलली त्यांची संख्या म्हणजे r. उरलेल्या 9 − r कंसांतून पहिली गोष्ट येते. ते r कंस C(9, r) प्रकारे निवडता येतात. क्लासमध्ये ज्याला जनरल टर्म म्हणतात ते सामान्य पद यातूनच येतं:

`T(r+1) = C(9, r) · (2x²)^(9−r) · (−3/x)^r`

दुसरी गोष्ट एकाही कंसातून न उचलणं हीसुद्धा एक निवड आहे आणि पहिलं पद तिचंच असतं. म्हणजे r शून्यापासून सुरू होतो. सातव्या पदासाठी r = 6, सात नव्हे. इथे r = 7 घेतला तर येणारं पद आठवं असतं. हिशेबात कुठेही अडकायला होत नाही आणि उत्तरही व्यवस्थित दिसतं, त्यामुळे चूक लक्षातच येत नाही. बहुपर्यायी प्रश्नात असं शेजारचं पद पर्यायांमध्ये ठेवलेलं असण्याची शक्यता बरीच.

घाताचा मुद्दा जास्त घातक आहे. (1 + x)^n मध्ये पहिली गोष्ट 1 आहे, तिचा कितीही घात केला तरी काही बदलत नाही, आणि दुसरी गोष्ट नुसता x आहे. म्हणून तिथे x च्या k घाताचा सहगुणक C(n, k) हे बरोबरच आहे. पण आपल्या कंसात दोन्हीकडे x आहे आणि दोन्हीकडे आकडेही आहेत. अशा वेळी x चा घात वेगळा काढावा लागतो. 2x² च्या 9 − r प्रतींतून 2(9 − r) घात मिळतो, 1/x च्या r प्रतींतून −r मिळतो. एकूण घात:

`18 − 2r − r = 18 − 3r`

आता x³ चा सहगुणक हवा असेल तर 18 − 3r = 3, म्हणून r = 5. सहावं पद:

`C(9,5) · 2^4 · (−3)^5 = 126 × 16 × (−243) = −489888`

मेसेजप्रमाणे r = 3 घेतला असता तर x⁹ चं पद हाती आलं असतं, आणि नुसतं C(9,3) लिहिलं तर उत्तर ८४. खऱ्या उत्तराशी त्याचा काहीही संबंध नाही.

स्थिर पदाचीही हीच रीत. x चा घात शून्य हवा, 18 − 3r = 0, r = 6, म्हणजे सातवं पद:

`C(9,6) · 2^3 · (−3)^6 = 84 × 8 × 729 = 489888`

आणि x⁵ विचारला तर? 18 − 3r = 5 वरून r = 13/3 येतो. r ही कंसांची संख्या आहे, ती अपूर्णांक असूच शकत नाही. म्हणून या विस्तारात x⁵ चं पद नाही आणि त्याचा सहगुणक शून्य. r अपूर्णांक आला, ऋण आला किंवा n पेक्षा मोठा आला, तर ते पद नसल्याचीच ती खूण. समीकरण न मांडणाऱ्याला ही खूण कधीच दिसत नाही.

चिन्हाबद्दलचं वाक्य अर्धं खरं आहे. वजा फक्त दुसऱ्या गोष्टीला असेल तर सम क्रमांकाची पदं ऋण येतात, वरचं सहावं पद तसंच आहे. पण कंस (−2x² + 3/x) असा असेल तर नवव्या घाताला पहिलंच पद ऋण येतं आणि सातवंही. त्यामुळे वजा चिन्ह त्या गोष्टीसकट कंसात घ्यावं आणि घात कंसाचा करावा. कॅल्क्युलेटरवरही हेच. बहुतेक सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर `-3^6` टाइप केलं की −729 येतं, कारण आधी घात होतो आणि मग वजा लागतो. `(-3)^6` असंच टाइप करा.

मधल्या पदाचा दावा C(n, r) पुरता खरा आहे: ती संख्या मध्याशी सगळ्यात मोठी असते. सहगुणकात मात्र कंसातल्या आकड्यांचे घातही मिसळलेले असतात. आपल्या विस्तारात दहा पदं आहेत, मधली दोन म्हणजे पाचवं आणि सहावं. पाचव्याचा सहगुणक 126 × 32 × 81 = 326592. चिन्ह सोडून बघितलं तर सहाव्याचा 489888, आणि सातव्याचाही तेवढाच. सातवं पद मधलं नाही, तरी ते सगळ्यात मोठ्यांपैकी आहे. आणि मधलं असूनही पाचवं बरंच मागे आहे.

हे सगळी पदं न काढताही कळतं. चिन्ह सोडून लागोपाठच्या दोन सहगुणकांचं गुणोत्तर घ्या:

`T(r+1) / T(r) = (10 − r)/r × 3/2`

हे गुणोत्तर एकापेक्षा मोठं आहे तोवर सहगुणक वाढत जातात. 3(10 − r) = 2r सोडवलं की r = 6 मिळतो. तिथे गुणोत्तर बरोबर एक, म्हणून सहावं आणि सातवं पद समान, आणि त्यानंतर उतार. 3 च्या जागी मोठी संख्या असती तर शिखर आणखी उजवीकडे सरकलं असतं.

राहिला पास्कलचा त्रिकोण. लहान घाताला तो चांगलाच. तिसाव्या घातातलं एक पद हवं असेल तर मात्र तीस ओळी मांडाव्या लागतात, आणि एका बेरजेतली चूक खालच्या ओळींत पसरत जाते. नवव्या शतकातल्या महावीराचार्यांनी निवडींची संख्या थेट काढायचा नियम दिला आहे: वर उतरते आकडे, खाली चढते. C(9,6) आणि C(9,3) सारखेच, म्हणून (9 × 8 × 7)/(1 × 2 × 3) = 84. वर जितके आकडे तितकेच खाली हवेत, इथे तीन-तीन.

सगळा विस्तार लिहिलाच, तर x = 1 ठेवून पडताळा घ्या. सहगुणकांची बेरीज (2 − 3)^9 म्हणजे −1 यायला हवी. एकच पद काढलं असेल तेव्हा हा पडताळा चालत नाही. तिथे दोन गोष्टी बघायच्या: दोन्ही घातांकांची बेरीज 9 होते का, आणि मिळालेला r परत 18 − 3r मध्ये घातला की विचारलेलाच घात येतो का.